एजंटच्या तोंडी शब्दावर घेतलेली युलिप: सरेंडर चार्ज परत मिळतो का?

निशिगंध: बाबांना (निवृत्त, पेन्शनवर) ओळखीच्या एजंटने गेल्या वर्षी युलिप दिली. "एकदाच १ लाख भरा, तीन वर्षांनी केव्हाही काढा," असं सांगितलं. यंदा दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली तेव्हा कळलं की हप्ते १० वर्षं भरायचे आहेत. बाबांनी घाबरून सरेंडरचा अर्ज देऊन टाकला. फंडात ९२,००० होते, त्यातून ३,६८० कापले आणि उरलेले पैसे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळणार म्हणे. हे ३,६८० परत मिळवायला कुठे तक्रार करू?

बोरकर६१: फक्त ३,६८०? नशीबवान आहात. माझ्या पॉलिसीत दोन वर्षांनी निम्म्याहून जास्त पैसे गेले होते.

टिपकागद: बोरकरकाका, तुमची बहुतेक बाजाराशी न जोडलेली पारंपरिक पॉलिसी असणार. तिचा हिशेब वेगळा असतो. युलिपला नियामकाने मर्यादा घातली आहे. वार्षिक हप्ता ५०,००० च्या वर असेल आणि पॉलिसी दुसऱ्या वर्षात बंद केली, तर हप्ता किंवा फंडाची किंमत यांत जे कमी असेल त्याच्या ४ टक्के, तेही जास्तीत जास्त ५,०००. ९२,००० चे ४ टक्के म्हणजे बरोब्बर ३,६८०. कंपनीने नियमाप्रमाणेच कापलंय. "चार्ज चुकीचा आहे" अशी तक्रार केलीत तर ती पहिल्याच पत्रात फेटाळली जाईल.

निशिगंध: म्हणजे काहीच होणार नाही?

टिपकागद: होईल, पण मागणी बदला. १ लाखाचे ९२,००० झाले, ते ८,००० सरेंडरच्या आधीच गेले होते. त्यात इतर शुल्कं आली आणि बाजाराची पडझडही असेल. म्हणून मागणी चार्जची नको. "खोटं सांगून विकली, म्हणून पॉलिसी सुरुवातीपासून रद्द धरा आणि पूर्ण १ लाख परत द्या" अशी लेखी मागणी करा. ती मान्य झाली तर चार्जचा प्रश्नच उरत नाही, आणि पाच वर्षं थांबायचाही नाही.

सुधाताई_के: फ्री लूकचे ३० दिवस गेले की संपलं हो सगळं. आमच्या शाखेत हेच सांगितलं.

टिपकागद: ताई, ती मुदत काही कारण न देता परत करण्यासाठी. फसवून विकल्याची तक्रार त्यानंतरही करता येते. मात्र "पॉलिसी हातात होती, मग वाचली का नाही?" हा प्रश्न येणारच, आणि त्यावर बरीच प्रकरणं पडतात. नुसतं "एजंट असं म्हणाला होता" एवढ्यावर कुणी पैसे देत नाही.

निशिगंध, कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: प्रपोजल फॉर्मची प्रत, सहीचं बेनिफिट इलस्ट्रेशन, आणि पॉलिसी देण्याआधीच्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग. फॉर्मवर बाबांचं उत्पन्न आणि व्यवसाय काय लिहिलाय ते आधी बघा.

निशिगंध: फॉर्मची प्रत पॉलिसीच्या पाकिटातच होती. व्यवसाय "व्यापार", उत्पन्न १२ लाख! मोबाइल नंबरही बाबांचा नाही, एजंटचाच वाटतोय.

टिपकागद: मग तुमची तक्रार यावरच उभी करा. पेन्शनर माणसाला १० वर्षं १ लाख भरायला लावणारी पॉलिसी बसावी म्हणून उत्पन्न फुगवलं, आणि पडताळणीचा कॉल दुसऱ्याच नंबरवर गेला. हे कागदावर दिसतं. सोबत पेन्शनचं पासबुक जोडा. एजंटला फोन करून भांडू नका, "तुम्ही एकदाच भरायचं म्हणाला होतात, मग ही नोटीस कशी?" असं व्हॉट्सॲपवर साधेपणाने विचारा. सारवासारव करणारं उत्तर आलं तरी ते कामाचं.

तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, की विमा लोकपाल. नकारानंतर तिथे जायला एक वर्ष असतं. फी नाही, आणि वकील चालत नाही. बाबांनाच बोलावं लागेल.

पंचनामा: मी असतो तर सरळ ग्राहक आयोगात गेलो असतो. मनस्तापाची भरपाईही मिळते.

टिपकागद: मिळू शकते, पण आधी तिथे गेलात तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत. उलट लोकपालांचा निर्णय पटला नाही तर तो तक्रारदारावर बंधनकारक नसतो. फक्त आयोगाची दोन वर्षांची मुदत डोळ्यासमोर ठेवा.

निशिगंध: बाबांनी सरेंडर फॉर्मवर "स्वेच्छेने" असं लिहून सही केलीय. ते आडवं येईल?

पंचनामा: येणार. कंपनी तोच कागद पुढे करेल.

टिपकागद: करेलच. पण पैसे अजून हातात आलेले नाहीत, पूर्ण व अंतिम रक्कम मिळाल्याची पावती दिलेली नाही. नोटीस आल्याबरोबर बंद केली, यावरून "एकदाच भरायचं" असं समजून घेतली होती हेच दिसतं, असं मी मांडलं असतं. लोकपाल ते मानतील याची खात्री नाही. कॉलचं रेकॉर्डिंग आलं की इथे लिहा. त्यात आवाज कुणाचा आहे यावर बरंच ठरेल.