मदत हवी आहे : डिझाइन टेबलमधले सूत्र पुसले जाते

सॉलिडवर्क्समध्ये एम१० षट्कोनी बोल्टचा एकच पार्ट तयार करून, २५ ते १०० मिमी लांबीच्या सगळ्या कॉन्फिगरेशन डिझाइन टेबलवर चालवत आहे. आटे २६ मिमी हवेत. मात्र २५ मिमीच्या बोल्टमध्ये ते डोक्यात शिरतात, म्हणून आट्यांच्या स्तंभात हे सूत्र टाकले. (B3 मध्ये बोल्टची लांबी आहे.)

```
=IF(B3-3<26,B3-3,26)
```

२५ मिमीला आटे बरोबर २२ मिमी येत होते. पुढे सहकाऱ्याने मॉडेलमध्येच त्या मापावर डबल-क्लिक करून २० केले, आणि टेबल उघडल्यावर त्या चौकटीत सूत्राऐवजी नुसता २० हा आकडा दिसला. नंतर लांबी २० केल्यावर आटे थेट डोक्याला भिडले. चूक दिसली तीही सेक्शन व्ह्यूमध्ये, कारण रिबिल्डला कोणतीही तक्रार आली नाही.

मॉडेलमधील बदल टेबलमध्ये येऊ देणारा पर्याय बंद केला, तर सूत्र टिकते. पण टेबलमधली सगळीच मापे मॉडेलमधून बदलता येत नाहीत, आणि हे मला गैरसोयीचे वाटते. आट्यांचा स्तंभ काढून तो नियम पार्टच्या इक्वेशन्समध्ये IIF ने लिहावा आणि टेबलमध्ये फक्त लांबी ठेवावी, असा विचार आहे. असे कोणी केले असल्यास प्रत्येक कॉन्फिगरेशनमध्ये माप नीट बदलते का, हे कृपया सांगावे.