मुखडा जुना, अंतरा नवा: नक्कल की प्रेरणा?

मंद्रसप्तक: एका नव्या चित्रपटगीताचा मुखडा ऐकताच एक जुने गाणे आठवते, पण अंतरा पूर्ण वेगळा आहे. याला नक्कल म्हणावे की प्रेरणा?

रसिक_पुणेकर: दोन्ही गाणी भूपातील असतील, तर पाच स्वरांत साम्य येणारच. राग कोणाच्याही मालकीचा नसतो. 'कांतारा'तील 'वराहरूपम' आणि 'नवरसम' यांच्या वादातही समान रागांचाच मुद्दा पुढे आला होता. शिवाय सहा-सात सेकंदांचे साम्य कायद्याला चालते.

साथीदार: रागाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे, परंतु सेकंदांची अशी सूट कायद्यात कोठेही नाही. 2008 मध्ये राम संपत यांनी, मोबाइलच्या जाहिरातीसाठी रचलेली आपली 'थंप' ही धून 'क्रेझी 4'च्या गाण्यात वापरल्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात केला होता. गाण्याचा बाकीचा भाग वेगळा असूनही न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. ज्या तुकड्यावरून श्रोता धून ओळखतो तोच उचलला असेल, तर त्याची लांबी निर्णायक ठरत नाही, असा त्यामागचा विचार होता. पुढे तडजोडीत दोन कोटी रुपये दिल्याच्या बातम्या आल्या.

मूळ प्रश्नासाठी दोन्ही मुखडे एकाच षड्जावर आणून, वाद्यमेळ बाजूला ठेवून, नुसत्या पेटीवर वाजवून पाहावेत. 'ग प ध सां' ही चढण भूपात कोणीही घेईल, त्यामुळे ती जुळली तरी काही सिद्ध होत नाही. मात्र दोन्हीकडे ओळ समेनंतर अर्धी मात्रा सोडून उठत असेल, धैवतावर तेवढाच ठेहराव असेल आणि शेवटी रिषभावर तीच अनपेक्षित उडी असेल, तर योगायोग म्हणणे कठीण जाते. तोच तुकडा दोन्ही गाण्यांच्या आधीच्या एखाद्या भजनात किंवा लोकगीतात सापडला, तर मात्र जुन्या संगीतकाराचाही दावा ढिला पडतो. अंतरा वेगळा असणे हा बचाव मला पुरेसा वाटत नाही.

मंडळाचा_कार्यकर्ता: आम्ही दरवर्षी गणेशोत्सवात जुन्या चालीवर नवे शब्द बसवतो. आम्हीही नक्कल करतो का?

साथीदार: तुम्ही चाल उघडपणे घेता, त्यामुळे ती उचलली की सुचली हा प्रश्नच उरत नाही, तुमचा प्रश्न परवानगीचा आहे आणि ध्वनिमुद्रण करून प्रसारित करणार असाल, तर ती घ्यावी.

रसिक_पुणेकर: सेकंदांचा मुद्दा मागे घेतो. तथापि 'क्रेझी 4'च्या वेळी न्यायमूर्तींनी दोन्ही धुनी स्वतः ऐकून, सामान्य श्रोत्याच्या कानाला महत्त्व दिले होते. सामान्य कान ठेका आणि वाद्याचा पोत सारखा असला तरी फसतो, हे तुम्ही वादक असून नाकारणार का?

साथीदार: नाकारत नाही, म्हणून तर पेटीवर वाजवा म्हणालो. पण वाद्यमेळ काढून टाकला की ज्या गाण्यांची ओळखच वाद्यमेळात आहे त्यांच्यावर अन्याय होतो, आणि 'वराहरूपम'बाबत माझी अडचण नेमकी तीच आहे.

मंद्रसप्तक: पेटीवर वाजवून पाहिले. उठाव आणि ठेहराव जुळतात, उडी जुळत नाही.