दोन कंपन्या, एक रेषा आणि अंतराचा वर्ग: त्या खरंच लांब पळतात का?

तिरकी_रेघ
एका सरळ रेषेवर ग्राहक सारखे पसरलेत. दोन कंपन्या आधी जागा ठरवतात, मग एकमेकींच्या जागा पाहून किंमत. ग्राहकाचा प्रवासखर्च अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. यातून उत्तर निघतं की दोघी रेषेच्या दोन टोकांना जाऊन बसतात. मला हे पटत नाही. मध्याकडे सरकलं की गिऱ्हाईक वाढतं, मग टोकाला कोण थांबेल? माझ्या मते सगळी करामत त्या वर्गाची आहे, स्पर्धेबद्दल त्यातून काही कळत नाही. ज्यांना उलट वाटतं त्यांनी लिहावं.

अनुस्वार
मला उलट वाटतं, म्हणून आकडे घालूनच बोलतो. रेषेची लांबी १, प्रवासखर्च १८ गुणिले अंतराचा वर्ग, उत्पादनखर्च शून्य. डावी कंपनी डाव्या टोकाला, उजवी उजव्या. दोघींची किंमत १८ वर स्थिरावते, निम्मे निम्मे ग्राहक, नफा प्रत्येकी ९.

आता डावी ०.२ आत सरकली. उजवीने किंमत १८ च ठेवली आणि डावीनेही, तर डावीचा हिस्सा ०.६ होतो आणि नफा १०.८. तुम्हाला दिसतंय ते हेच, आणि इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण उजवी गप्प बसत नाही. डावी सरकलेली तिला दिसते, आणि किंमत त्यानंतर ठरायची आहे. नव्या जागांवर किमती जिथे स्थिरावतात तिथे डावी १५.३६ घेते, उजवी १३.४४. डावीचा हिस्सा ०.५३३, नफा ८.१९. म्हणजे ग्राहक जास्त, किंमतही शेजारणीपेक्षा चढी, आणि तरीही टोकाला बसून मिळत होते त्यापेक्षा कमी पैसे. उजवीचं नुकसान तर याहून मोठं, तिचा नफा ६.२७ वर येतो. दोघींनी मिळून गमावलेलं हे सगळं किमती उतरल्यामुळे ग्राहकांकडे गेलं.

पाचवा_मजला
पण ०.२ ही मोठी उडी झाली. अगदी थोडंसं सरकलं तर फायदा होत असेल ना? आणि तसं थोडं थोडं करत मध्यापर्यंत जाता येईल.

अनुस्वार
नाही होत. टोकावरून h इतकं छोटं पाऊल घ्या. किमती तशाच राहिल्या तर दोघींच्या ग्राहकांमधली सीमा h/2 ने पुढे जाते आणि दर १८ आहे, म्हणजे कमाई 9h ने वाढली. पण या पावलाला उत्तर म्हणून उजवी किंमत 24h ने उतरवते. टोकांवर असताना किमतीतला १ चा फरक सीमा रेषेच्या ३६ व्या भागाइतकी सरकवतो. त्या हिशोबाने डावीच्या हातून 2h/3 ग्राहक जातात, म्हणजे 12h ची कमाई. निव्वळ तोटा 3h. पाऊल कितीही लहान करा, ९ आणि १२ ची ही जोडी बदलत नाही. डावीने स्वतःची किंमत किंचित बदलल्याने पहिल्या पावलात काही फरक पडत नाही, कारण ती आधीच तिच्यासाठी सर्वात चांगल्या किमतीवर होती. म्हणून हिशोबात फक्त शेजारणीची किंमत उरते.

चौकट
मूळ धागाकर्त्याशी सहमत. अर्थशास्त्रज्ञ हॉटेलिंगने १९२९ सालीच दाखवून ठेवलंय की दोघी मध्यावर एकत्र येतात. तिथे प्रवासखर्च अंतराच्या साध्या प्रमाणात होता. नंतर कुणीतरी वर्ग घातला आणि उत्तर उलटं झालं. एका गृहीतकाने निष्कर्ष उलटा होत असेल तर निष्कर्षात दम नाही.

मधली_ओळ
निवडणुकीत दोन्ही पक्ष मधल्या मतदाराकडे सरकतात ते हेच ना? तिथे तर लांब जाणारा हरतो. मग इथे उलट कसं?

अनुस्वार
मधली_ओळ, तिथे किंमत नाही. पक्षाला फक्त मतांची संख्या वाढवायची असते, मत स्वस्त करून मिळवता येत नाही. या प्रश्नातही किंमत कुणी बाहेरून ठरवून दिली तर दोघी मध्यावरच येतील. किंमत हातात आली की लांब जाण्याचं कारण जन्माला येतं. दोन वेगळे प्रश्न आहेत.

चौकट, अर्धी गोष्ट बरोबर आहे. १९२९ चा दावा तोच होता. पण १९७९ मध्ये द'आस्प्रमॉँ, गॅबशेविच आणि तिस या तिघांनी दाखवलं की साध्या प्रमाणातल्या खर्चात दोघी जवळ आल्या की किमतींना स्थिर जागाच उरत नाही.

का, ते सांगतो. साध्या प्रमाणात उजवीच्या पलीकडे राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला डावीकडे जाण्याचा जादा खर्च सारखाच असतो, दोघींमधल्या अंतराइतका. त्यामुळे डावीने किंमत त्या अंतराच्या खर्चापेक्षा जरा जास्त उतरवली की उजवीच्या पाठीमागचे सगळे ग्राहक एका झटक्यात डावीकडे येतात. दोघी जवळ असतील तर हे इतकं स्वस्त पडतं की प्रत्येकीला ते करावंसं वाटतं. मग दुसरी उतरवते, मग पहिली पुन्हा वर नेते, आणि हे थांबत नाही. समोरासमोर सारख्या अंतरावर बसल्या असतील तर प्रत्येकीने आपल्या टोकापासून पाव रेषेच्या आत राहिलं तरच किमती टिकतात. मध्याकडे येण्याचा जो रस्ता हॉटेलिंगने आखला तो या पाव रेषेच्या पुढे मोडतो. बरोबर मध्यावर एकत्र बसल्या तर समतोल आहे, पण तिथे किंमत उत्पादनखर्चाइतकी आणि नफा शून्य. तिथे कुणी राहणार नाही, कारण थोडं बाजूला झालं तरी कमाई सुरू होते.

म्हणजे वर्गाने एक टिकाऊ उत्तर उलटं केलं असं झालेलं नाही. आधीचं उत्तर मुळात उभंच नव्हतं.

तिरकी_रेघ
साध्या प्रमाणाचं मान्य. पण मग माझा आक्षेप आणखी धारदार होतो. किमती टिकतात त्या पाव रेषेच्या आतल्या भागात, साध्या प्रमाणात, आत सरकलेल्या कंपनीचा नफा वाढतो की घटतो?

अनुस्वार
वाढतो. प्रश्न अचूक जागी लागलाय, उत्तर लपवणार नाही.

फरक कुठे पडतो ते पाहा. शेजारी राहणाऱ्या दोन ग्राहकांचा विचार करा. वर्गाच्या खर्चात त्यांच्या डाव्या-उजव्या निवडीतला फरक दोन कंपन्यांमधल्या अंतराच्या प्रमाणात असतो. कंपन्या लांब असतील तर एकजण ठामपणे डावीचा, दुसरा जरा कमी ठाम. कंपन्या जवळ आल्या की सगळेच जवळजवळ सारखे अलिप्त होतात. मग थोड्याशा स्वस्ताईने खूप ग्राहक फिरतात. वरच्याच आकड्यांत, अंतर १ असताना किमतीतला १ चा फरक सीमा ३६ व्या भागाइतकी सरकवतो, अंतर निम्मं झालं की १८ व्या, आणि अंतर ०.१ उरलं की रेषेच्या पाव भागाहून जास्त. म्हणून जवळ येणं म्हणजे दोघींच्याही हातात जास्त धारदार सुरी देणं.

साध्या प्रमाणात दोघींच्या मधल्या भागात ही धार अंतरावर अवलंबून नसते. जवळ या, लांब जा, १ च्या फरकाने सीमा तेवढीच सरकते. त्यामुळे जवळ येण्याची शिक्षा हळूहळू वाढत नाही, ती पाव रेषेपुढे एकदम अंगावर कोसळते. शिक्षा दोन्हीकडे आहे. वर्गाने ती सलग केली, म्हणून हिशोब करता येतो.

पाऊलखूण
माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितोय. मी गेल्या महिन्यात पायथनमध्ये हेच करून पाहिलं. प्रत्येक फेरीत एक कंपनी आपली सर्वात चांगली जागा शोधते, मग दुसरी. शंभर फेऱ्यांनी दोघी मध्याच्या आसपास येऊन चिकटल्या. खर्च वर्गाचाच होता. तीनदा तपासलं.

अनुस्वार
जागा शोधताना किमती कुठून घेतल्या?

पाऊलखूण
आधीच्या फेरीच्या. जागा ठरली की मग दोघींच्या किमती नव्याने काढायचो.

अनुस्वार
तिथेच आहे. तुमची कंपनी जागा निवडताना समजते की शेजारीण जुन्याच किमतीवर राहणार. वरचं १०.८ चं स्वप्न तिला दरवेळी खरं वाटतं. दोन टप्प्यांचा अर्थ असा की जागा जोखतानाच पुढच्या किमती धरायच्या. डावीचं आपल्या टोकापासून अंतर a, उजवीचं तिच्या टोकापासून b, तर किमती स्थिरावल्यानंतरचा डावीचा नफा एवढाच आहे:

```
def nafa(a, b, t=18):
    return t*(1-a-b)*(3+a-b)**2/18
```

जागा शोधताना हे वापरा. `(1-a-b)` म्हणजे दोघींमधलं अंतर, दुसरा भाग हिश्श्याचा. आत सरकल्याने दुसरा वाढतो, पहिला त्याहून वेगाने घटतो.

तिरकी_रेघ
ठीक, दिशा पटली. टोक अजून पटलेलं नाही. टोक तर आपणच भिंत घातली म्हणून आहे. जागा बाहेर असती तर त्या अनंतापर्यंत पळाल्या असत्या का? तसं असेल तर सिद्धांतच हास्यास्पद ठरतो.

पाऊलखूण
फंक्शन बदललं, दोघी टोकांना जाऊन थांबल्या. तिरकी_रेघ यांचं वाचून भिंतही काढून पाहिली, ग्राहक 0 ते 1 मध्येच ठेवून. टोकांपासून सुरू केलं, एकावेळी एक कंपनी सरकवली. एकामागून एक निवडलेल्या जागा अशा आल्या: -0.3333, -0.2222, -0.2593, -0.2469. पुढे -0.25 भोवती स्थिर. म्हणजे त्या पळत सुटत नाहीत.

अनुस्वार
हेच कागदावरही येतं. प्रत्येकी टोकाच्या पाव रेषा बाहेर, किंमत २७, नफा १३.५. त्यापुढे गेलं की हातचे ग्राहक सोडल्याचं नुकसान किंमत वाढल्याच्या फायद्यापेक्षा मोठं होतं. दोन्ही ओढी खऱ्या आहेत, रेषेच्या आत लांब जाण्याची ओढ जिंकते इतकंच. 'शक्य तितकं लांब' हे वाक्य मी स्वतः सैल समजतो.

अर्धविराम
ग्राहकांचं कुणी बोललं नाही. प्रवासाचा एकूण खर्च सर्वात कमी हवा असेल तर दोघी पाव आणि पाऊण अंतरावर असाव्यात. याच आकड्यांत तिथे एकूण प्रवासखर्च ०.३७५ होतो, टोकांवर १.५. चौपट. आणि पाव-पाऊणवर किंमत १८ ऐवजी ९ असते. म्हणजे ग्राहक दोन्हीकडून मार खातो. मला यातली ही बाजू सर्वात महत्त्वाची वाटते.

चौकट
पण यात प्रत्येक ग्राहक काहीही झालं तरी खरेदी करतोच असं धरलंय. टोकांवर किंमत १८ आणि मधल्या माणसाचा प्रवास ४.५, म्हणजे २२.५ मोजायची तयारी नसेल तर तो घरी बसेल. मग मध्यावरचे ग्राहक सोडून कोण टोकाला राहील?

अनुस्वार
रास्त. २२.५ च्या खाली हे उत्तर तसंच्या तसं लागू होत नाही. आणखी एक मर्यादा सांगतो. ग्राहकांच्या आवडी अंतराशिवाय इतर कारणांनीही पुरेशा वेगवेगळ्या असतील तर थोड्या स्वस्ताईने फार कुणी फिरत नाही, ती सुरी बोथट होते आणि कंपन्या पुन्हा मध्यावर येऊ शकतात. १९८५ मध्ये हे दाखवलं गेलंय. म्हणून मी दावा टोकांचा करत नाही. दावा एवढाच की किंमत नंतर ठरणार असेल तर जवळ येण्याची किंमत मोजावी लागते.

तिरकी_रेघ
एवढा दावा मी घेतो. पण ग्राहक सारखे पसरलेले नसून मध्यावर दाटलेले असतील तर तुमच्या ९ आणि १२ चं काय होईल, ते कुणी मांडलेलं नाही. माझा अंदाज आहे की ९ मोठा होईल.

अनुस्वार
एका पावलामागे मिळणारे ग्राहक वाढतील, खरं आहे. पण दाटी जिथे आहे तिथेच सीमा आहे, म्हणजे स्वस्ताईने फिरणारे ग्राहकही तिथेच जास्त. त्यामुळे स्थिरावलेली किंमतच १८ च्या खाली येईल, आणि ९ व १२ पैकी कोणती बाजू मोठी ठरेल ते दाटीच्या आकारावर आहे. मला वाटतं १२ ची बाजू जड राहील, तुम्हाला वाटतं ९ ची.

पाऊलखूण
मध्यावर त्रिकोणी दाटी घालून चालवतोय. किमती सूत्राने मिळत नाहीत, प्रत्येक जागेला वेगळ्या शोधाव्या लागताहेत. आकडे आले की इथेच टाकतो.