मदत हवी आहे: इतकी वर्षं मैत्रीण समजत होते तो मित्र आहे, आणि शनिवारी घरी येतोय

केतकीवन:
हॉस्टेलपासूनचा माझा अगदी जिवलग माणूस, ज्याला आम्ही सगळे आजवर मुलगी समजत होतो, त्याचा काल रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तो ट्रान्स पुरुष आहे. नवीन नाव घेतलंय (ते अर्थातच इथे देत नाही), यापुढे त्याच नावाने हाक मार आणि 'तो' म्हण, एवढंच मागितलंय. शेवटी लिहिलंय, 'लगेच उत्तर नाही दिलंस तरी चालेल.' शनिवारी तो आमच्याकडे मुक्कामाला येणार हे आधीपासून ठरलेलं आहे.

माझ्या मनात कसलाही किंतु नाही. पण उत्तर लिहायला घेतलं की पानभर होतंय आणि त्यात निम्मे प्रश्न. कधीपासून, घरी सांगितलंस का, डॉक्टरकडे जातोस का. वाचून पाहिलं तर पंचनामाच वाटतो. त्याला बरं वाटेल असं, पण गाजावाजा न करता काय लिहू? दुसरं म्हणजे आमच्या तोंडात 'आलीस का, जेवलीस का' इतकं बसलंय की तासन्‌तास बोलताना ते कसं सांभाळायचं? आणि माझी आई आमच्याकडेच असते. ती त्याला जुन्या नावाने ओळखते.

गोदाकाठ:
मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो. पहिलं, आज रात्रीच्या आत उत्तर द्या. 'चालेल' असं लिहिलं असलं तरी मेसेज पाठवल्यावर माणूस निळ्या टिकांकडे बघत बसतो. दुसरं, उत्तराची सुरुवात नवीन नावाने करा. त्याने मागितलेली गोष्ट पहिल्याच शब्दात मिळाली की बाकी फारसं लिहावं लागत नाही. म्हणजे असं काहीतरी: '(नाव), सांगितलंस ते बरं केलंस. नाव आवडलं. शनिवारी स्टेशनला पोचलास की फोन कर, न्यायला येते.' यातला 'पोचलास' त्याला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगून जाईल.

'मला आधीपासून वाटायचंच' हे लिहू नका, खरं असलं तरी. त्याने इतकी वर्षं जपलेली गोष्ट सगळ्यांना दिसत होती की काय, अशी धास्ती बसते. 'किती धाडसी आहेस' हेही या वेळी नको. ऑपरेशन, औषधं, शरीर यांबद्दल तर अवाक्षर नको. त्याला बोलावंसं वाटलं तर तो आपणहून बोलेल.

चिंचेचं_झाड:
माझ्या मामेभावाने मला असंच सांगितलं होतं की त्याला मुलगे आवडतात. मी कुणाला बोलले नाही, पण त्याच्या दुसऱ्या एका मित्राने कौतुकाच्या भरात 'तुमचा मुलगा केवढा धीट' म्हणून थेट मामीला फोन केला. मामीला तोवर काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर दिवाळीत भाऊ घरी आला नाही. केतकी, तुझ्या मैत्रिणीला मुली आवडतात हे तिच्या घरी माहीत आहे का, ते बघ आधी.

गोदाकाठ:
चिंचेचं_झाड, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण इथे कोण आवडतं हा विषयच नाही, तो स्वतः कोण आहे हा आहे. तो मित्र आहे, मैत्रीण नाही. तुमचा मुद्दा मात्र लाखमोलाचा आहे: कुणाला माहीत आहे हे न विचारता तोंड उघडायचं नाही. एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा: 'तुझं नवीन नाव कुणासमोर घ्यायचं आणि कुणासमोर नाही?' हा प्रश्न चौकशीचा नाही, त्याला सांभाळण्याचा आहे.

वकिलीण_बाई:
कायद्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं ना? ते निघालंय का, तेवढं विचारायला हरकत नसावी.

गोदाकाठ:
प्रमाणपत्राची तरतूद 2019 च्या कायद्यात आली, ती सरकारी कागदपत्रांसाठी. आपली ओळख आपण ठरवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात सांगितलं होतं. मैत्रिणीने हाक मारायला कुठलाच कागद लागत नाही. नका विचारू.

मास्तर_निवृत्त:
आईसमोरच्या बोलण्याचं सांगतो, चाळीतल्या पोरांना मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा. 'तू आलास' की 'तू आलीस' इथेच अडचण. पण 'तू चहा घेतलास का' यात क्रियापद चहाप्रमाणे चालतं, समोरचा पुरुष की बाई याचा संबंध नाही. 'कधी निघशील', 'बस', 'तुला भूक लागली का', 'प्रवास कसा झाला', सगळं निर्धोक. 'जेवलीस का' ऐवजी 'पोळी खाल्लीस का' म्हणा, तिथली 'ली' पोळीची आहे. आणि त्याच्याविषयी बोलताना सरळ 'ते' म्हणा, आदरार्थी. कुणालाच कळणार नाही.

गोदाकाठ:
मास्तर, क्रियापदांचं अगदी बरोबर, मी स्वतः घरी वर्षानुवर्षं असंच बोललो. 'ते' चालणार नाही. तेही पुल्लिंगीच, आणि हॉस्टेलच्या दोस्ताला अचानक अहो-जाहो केलं तर आईचे कान पहिल्यांदा टवकारतील. त्यापेक्षा आडनावाने बोलवा. हॉस्टेलमध्ये निम्म्या पोरी एकमेकींना आडनावानेच हाक मारतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नाही.

पण केतकीवन, ही पळवाट फक्त त्याने 'आईला नको कळू देऊ' म्हटलं तर. दोघंच असताना मुद्दाम 'आलास, दमलास, करतोस' म्हणा. सतत 'तुला भूक लागली का' छाप वाक्यंच आली तर त्याच्या लक्षात येतं की समोरची टाळतेय. जीभ चुकली तर 'आलीस... आलास, आणि मग काय झालं?' एवढ्यावर पुढे जा. पाच मिनिटं माफी मागितली की तुमची समजूत त्यालाच घालावी लागते.

केतकीवन:
पाठवलं. तुमच्या नमुन्यात माझं एक वाक्य घातलं: 'खाट तुझी, थालीपीठ तुझं, भांडण नेहमीचंच.' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'लोणी जास्त लागेल.' मग मी तो एक प्रश्न विचारला. त्याच्या बहिणीला माहीत आहे, आईवडिलांना नाही. ऑफिसात कुणालाच नाही. माझ्या आईबद्दल म्हणाला, 'शनिवारी बघू, तोवर काही बोलू नको.' तेव्हा मास्तर, तुमची पोळी कामी येणार. फोनमध्ये त्याचा नंबर आडनावाने सेव्ह केलाय. फोन टेबलावर असतो, वाजला की आईच आधी बघते. हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हात लावलेला नाही.

एक उरलंय. आईला आमचे हॉस्टेलचे फोटो पाहुण्यांना दाखवायची भारी हौस. अल्बम हॉलच्या कपाटात, अगदी हाताशी. तो येण्याआधी आत ठेवून द्यावा का?

चिंचेचं_झाड:
मैत्रीण म्हटलं त्याबद्दल क्षमस्व, मित्र. अल्बम उचलच. शनिवारी त्याला अवघडायला नको.

गोदाकाठ:
मला तसं वाटत नाही. माझे जुने फोटो मला प्रिय आहेत, आमच्यातल्या काहींना ते डोळ्यांसमोर नको असतात. त्याचं कसं आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही. आईला अल्बम दिसला नाही तर ती घरभर शोधेल, तेही बघा. एवढंच करा, स्टेशनवरून येताना गाडीत सांगून ठेवा: 'आई अल्बम काढणार बघ, काढू दे की लपवू?'