बडतर्फीनंतर कंपनीच्या अपिलाची वाट बघायची की लगेच लेबर कोर्ट?

प्रेसशॉप (१८ मार्च २०२५)
चाकणला प्रेस ऑपरेटर, ९ वर्षं सर्व्हिस. विनापरवाना गैरहजेरीवरून चौकशी लावली न ८ जानेवारीला बडतर्फ केलं, पत्र त्याच दिवशी हातात दिलं. १५ दिवसांत हेड ऑफिसला अपील करा असं पत्रात होतं, ते मी २० तारखेला दिलं. आजून उत्तर नाही. एचआर म्हणतो निकाल येईपर्यंत बाहेर कुठं जाऊ नका, केस बिघडेल. थांबू का?

सासवडकर
थांबा. कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की कंपनीत दाद मागितली का. आमच्या खात्यातल्या एकाची बडतर्फी अपिलात रद्द होऊन फक्त दोन इन्क्रिमेंट कापली गेली, आज तो कामावर आहे. कोर्टात गेला असता तर आजून तारखाच मोजत बसला असता. आणि मुदत ३ वर्षं आहे, घाई कसली?

गेटमीटिंग
सासवडकर, ३ वर्षं बरोबर, पण ती फक्त एका रस्त्याची. औद्योगिक विवाद कायद्यात कलम २-ए खाली कामगार आयुक्तांकडं समेटाचा अर्ज द्यायचा, ४५ दिवसांत समेट झाला नाही तर स्वतः लेबर कोर्टात जायचं, आणि हे सगळं बडतर्फीपासून ३ वर्षांच्या आत, म्हणजे याच्या बाबतीत ८ जानेवारी २०२८.
महाराष्ट्रात दुसरा रस्ता पण आहे, १९७१ चा पल्प कायदा. अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट लेबर कोर्टात, समेटाची पायरीच नाही आणि अंतरिम आदेशही मागता येतो. पण तिथं मुदत फक्त ९० दिवस. ८ जानेवारीपासून मोजा, ८ एप्रिलला संपते. आज ६९ दिवस गेलेत, हातात २१ उरलेत. कंपनीच्या अपिलाला उत्तर आलं नाही म्हणून हे घड्याळ थांबत नाही, एचआर हे सांगणार नाही.

टीमलीड_हिंजवडी
मला पण नोव्हेंबरमध्ये काढलं, आयटीत टीम लीड होतो, नोटीस पे दिला नाही. मी पण ९० दिवसांत पल्पखाली जाऊ का?

गेटमीटिंग
तुमचं वेगळं आहे. आधी तुम्ही कायद्यातले 'कामगार' ठरता का हे बघावं लागेल, हुद्दा नाही तर रोजचं काम काय होतं ते. शिवाय नोव्हेंबर म्हणजे ९० दिवस उलटूनच गेले, उशीर माफ करायला सबळ कारण द्यावं लागेल. वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

तारीखपेतारीख
पल्पचा एवढा आग्रह मला पटत नाही. १२ वर्षं लेबर कोर्टात वकिलांकडं कारकुनी केलीय. पल्पमध्ये अनुचित प्रथा झाली हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. समेटातून गेलं तर कलम ११-ए खाली कोर्ट शिक्षा जास्त वाटली तर स्वतःच कमी करू शकतं. ९ वर्षांच्या माणसाला गैरहजेरीवरून बडतर्फ, हा त्याच खात्यातला मुद्दा.

गेटमीटिंग
तो मुद्दा पल्पमध्ये पण आहे की. किरकोळ चुकीला, मागची सर्व्हिस न बघता, धक्कादायक वाटेल इतकी मोठी शिक्षा दिली तर ती अनुचित प्रथा धरतात. फक्त आधीचे मेमो किती आहेत त्यावर सगळं. प्रेसशॉप, किती मेमो?

प्रेसशॉप
एकच, २०२१ चा. आईच्या आजारपणात ११ दिवस गेलो होतो, दवाखान्याचे कागद चौकशीत दिले पण चौकशी अधिकाऱ्यानं नोंदलेच नाहीत. मग आधी समेटाचा अर्ज टाकतो, नाही जमलं तर पल्प?

तारीखपेतारीख
तसं अजिबात नको. आज अर्ज टाकला तर ४५ दिवस मे उजाडल्यावर संपणार, तोवर ८ एप्रिल गेलेली. वर पल्पच्या कलम ५९ प्रमाणे एका कायद्याखाली कारवाई सुरू केली की दुसरी बंद. नुसता समेटाचा अर्ज म्हणजे कारवाई सुरू झाली का यावर वकील भांडतात, तुम्ही त्या भांडणात पडू नका. एकच रस्ता धरा. आणि ते दवाखान्याचे कागद दिल्याची पोच आहे का? नसेल तर आजच चौकशीच्या कामकाजाची प्रत लेखी मागा.

सासवडकर
९० दिवसांचं मला माहीत नव्हतं, मान्य. तरी अपील मागं घेऊ नका, दोन्ही चालू ठेवा.

प्रेसशॉप
पोच आहे, सही न शिक्क्यासकट. उद्या वकिलाकडं जातो.

गेटमीटिंग (डिसेंबर २०२५)
धागा वर आणतोय, बरेच जण हेच वाचून येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. नव्या बडतर्फीला ३ वर्षं धरून बसू नका. वाद उभा राहिल्यापासून २ वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण घेत नाही, आणि समेट फसल्याचा अहवाल हातात आला की ९० दिवसांत ट्रिब्युनलला अर्ज.

तारीखपेतारीख
आणि ज्यांना आधीच काढलंय पण अजून काहीच केलं नाही, त्यांना ३ की २? मला विचाराल तर २ धरूनच पळा.