gn, tc, 143: घरातले मोठे अजून असंच का लिहितात? (अनुभव धागा)

गोदाकाठची
काल रात्री फॅमिली ग्रुपवर आत्याचा मेसेज: "gn sd tc 143". लेक माझ्याकडे बघून म्हणते, आई, आजीने ओटीपी ग्रुपवर का टाकला? हसून हसून पुरेवाट झाली. मग तिला बोटांवर मोजून दाखवलं, आय म्हणजे एक अक्षर, लव्ह चार, यू तीन. तर म्हणे, एवढं मोजत बसण्यापेक्षा हार्ट टाकायचं ना.

आत्या पंचवटीत राहते, आता सत्तरीला आलीये. तिचा पहिला मोबाइल टॉर्चवाला, चाळिशी उलटल्यावर मिळालेला. तेव्हाही ती असंच लिहायची. हाताशी एवढा मोठा टचस्क्रीन आहे, बोलून टाइप होतं, तरी gn ते gn च. तुमच्या घरी कोण आहे असं? आणि का लिहीत असतील? येऊ द्या किस्से.

कॉलेजरोडचा_भाऊ
आमचे मामा brb, म्हणजे लगेच येतो, लिहितात आणि दोन दिवसांनी उगवतात 😂

इंदिरानगरची_सून
सासूबाई. रोज सकाळी 6 ला gm. नुसतं gm. मी सुरुवातीला चिडायचे, वाटायचं पूर्ण लिहायला काय जातं. बाकी नंतर लिहिते, दूधवाला आलाय

पासधारक
आजच्या पोरांना बटणांचा फोन आठवत नाही म्हणून प्रश्न पडतो. good night लिहून बघा त्या फोनवर. 4 एकदा, 6 तीनदा, मग थांबायचं, नाहीतर दुसरा o पडत नाही. परत 6 तीनदा, 3 एकदा, स्पेससाठी 0. पुढे 6 दोनदा, 4 तीनदा, थांबा, 4 एकदा, थांबा, 4 दोनदा, शेवटी 8. झाली 18 दाबणी आणि तीन थांबे. gn ला? 4 एकदा, 6 दोनदा. खेळ खलास. पंचवटी एक्सप्रेसमध्ये उभं राहून एका हाताने दांडी धरलेली असताना कोण पूर्ण लिहील? 143 तर त्याहून सोपं, तीन बटणं जरा दाबून धरली की आकडे पडायचे.

कॉलेजरोडचा_भाऊ
पण T9 होतं ना दादा. एक अक्षर एकदाच दाबायचं.

पासधारक
होतं की. 4663 दाबलं की good यायचं, कधी home यायचं, कधी gone. "gone night" पाठवलंय मी बायकोला. आणि T9 ला मराठी कुठे यायची? "jevlis ka" लिहायला गेलं की भलतंच काहीतरी. आमच्या पिढीने ते बंदच करून टाकलं. ज्यांनी बंद केलं ते आज gn वाले, असा माझा हिशोब.

द्राक्षबाग_निफाड
एक रुपयाला एक मेसेज असायचा. वडील एका मेसेजमध्ये बाजारभाव, फवारणी आणि मावशीची तब्येत सगळं कोंबायचे. वाचताना डोकं दुखायचं

नानांची_मुलगी
आमचे नाना मराठीत लिहायचा हट्ट धरायचे. सिडकोतल्या दुकानदाराने सांगितलं होतं, मराठी अक्षरं रुंद असतात म्हणून कमी मावतात, पैसे जास्त पडतात. खरं आहे ना ते?

सातपूरकर
पैसे जास्त हे खरं, रुंदीचं खोटं. त्या काळात मोबाइल कंपनीच्या स्विचवर नोकरी केली म्हणून थोडं सांगतो.

एका एसएमएसला जागा मिळायची 140 बाइट, म्हणजे 1120 बिट. इंग्रजी अक्षर 7 बिटांत बसतं, म्हणून 160 अक्षरं. देवनागरीला एकेका खुणेला 16 बिट लागतात, म्हणून फक्त 70. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. नमस्कार आपल्याला चार अक्षरं वाटतो, यंत्र सात धरतं.

नानांसाठी उदाहरण घ्या. "आपणास व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा - कुलकर्णी परिवार, नाशिक". मोजून बघा, 77 भरतात. म्हणजे दोन मेसेज, दोन्हींचे पैसे. स्वल्पविराम आणि नाशिक काढलं की बरोबर 70, एकात जातो. गावाच्या नावाचा रुपया.

आणखी एक गंमत, इंग्रजीत लिहिताना मध्ये एक जरी देवनागरी अक्षर पडलं तरी अख्खा मेसेज 70 च्या हिशोबात जातो. कोपऱ्यात उरलेल्या अक्षरांचा आकडा असायचा, तो एकदम धाडकन खाली आला की समजायचं. आणि समोरच्याच्या फोनला देवनागरी येत नसेल तर त्याला नुसते चौकोन. म्हणून लोक रोमनमध्ये गेले आणि तिथेही आखडतं घेऊ लागले.

नानांची_मुलगी
चौकोन!! हो हो. नानांच्या शुभेच्छा म्हणजे आत्याकडे नुसत्या खिडक्या पोचायच्या. ती फोन करून विचारायची, दादा बरा आहेस ना. त्या फोनचे पैसे वेगळे. शेवटी नानांनीही "hpy diwali" वर समेट केला, पण मनातून राग आहे अजून.

मेनरोड_शॉपिंग
दिवाळीला पॅकच चालायचं नाही, आठवतंय का? ब्लॅकआउट डे. सणाच्या दिवशी आणि 31 डिसेंबरला पूर्ण दर. म्हणून आमच्या घरी आदल्या दिवशीच पाठवून मोकळे. बाबा अजूनही पाडव्याच्या शुभेच्छा आदल्या संध्याकाळी टाकतात. आता फुकट आहे हे सांगून थकले

सातपूरकर
बरोबर. आणि 2011 मध्ये ट्रायने दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली होती, नंतर 200 केली. पण ती जाहिरातवाल्यांच्या त्रासामुळे. आखूड लिहायची सवय त्याच्या कितीतरी आधीची.

रविवार_कारंजा
143 पेजरवरून आलं. साध्या पेजरला फक्त आकडे जायचे. नक्की माहीत आहे मला, आमच्या साहेबांकडे होता.

सातपूरकर
पेजरने पसरवलं हे पटतं. पण हे मोजणं त्याच्याही आधीचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मायनॉट्स लेज नावाचं दीपगृह आहे. तिथला दिवा 1894 पासून एकदा, मग चारदा, मग तीनदा लुकलुकतो आणि लोक त्याला आय लव्ह यू दिवा म्हणतात. पेजरवाल्यांनी तिथून उचललं की आपलं आपणच मोजलं, ते मात्र कोणी छातीठोक सांगू नये.

रविवार_कारंजा
साहेबांचा पेजर मात्र खरा होता 😀 बायकोचा आकडा आला की मीटिंग सोडून टेलिफोन बूथ गाठायचे.

कॉलेजरोडचा_भाऊ
831 पण होतं. आठ अक्षरं, तीन शब्द, एक अर्थ. आमच्या वर्गात एकाने वहीवर लिहिलं, सरांना वाटलं रोल नंबर

मिसळ_नको_पोहे
मला एक सांगा, हे gm वाले फुलांचे फोटो आपोआप डाउनलोड होतात ते बंद कसे करायचे? आईचा फोन भरलाय पार.

गोदाकाठची
@मिसळ_नको_पोहे विषय तो नाही हो, पण असू दे. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथे ऑटो डाउनलोडमधल्या फोटोंची खूण काढा. वायफायची आणि मोबाइल डेटाची दोन्हीकडची काढा, लोक एकच काढतात.

मिसळ_नको_पोहे
झालं. आई रागावली, फोटो धुरकट दिसतात म्हणे. परत चालू केलं.

पासधारक
brb बद्दल. ते एसएमएसचं नाहीच मुळी. ते नेट कॅफेतलं. कॉलेज रोडला तासावर पैसे देऊन बसायचो, चॅट खिडकी उघडी, चहाला उठायचं तर समोरच्याला सांगावं लागायचं, नाहीतर त्याला वाटायचं आपण टाळतोय. याहू मेसेंजर 2018 ला बंद झालं, मामा मात्र अजून कॅफेत बसलेत. आता फोन खिशात असतो, उठून जायचं कुठे?

कॉलेजरोडचा_भाऊ
मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "जातो न सांगता निघून जाणं बरं दिसत नाही." आता बोला.

इंदिरानगरची_सून
आले परत. सासूबाईंचं राहिलं होतं. त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर वीसेक जणी, बऱ्याचशा एकट्या राहणाऱ्या. सगळ्या gm टाकतात. पाल्हाळ लावायचं नाही असा अलिखित नियम, कारण लांब मेसेज आला की बाकीच्यांचे gm वर सरकून जातात आणि कोण आलं कोण नाही ते कळत नाही. साडेआठपर्यंत एखादीचं दिसलं नाही की शेजारची खाली जाऊन बेल वाजवते. मागे एकीचा पाय बाथरूममध्ये घसरला होता, अशीच कळली. मी तेव्हापासून चिडायचं बंद केलं.

द्राक्षबाग_निफाड
म्हणजे हजेरीपट.

इंदिरानगरची_सून
अगदी. आणि फोटो टाकणारीला तिथे ओरडा बसतो 😄

पासधारक
मिस्ड कॉलचं तसंच होतं आमचं. 2003 पर्यंत आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून उचलायचंच नाही. संध्याकाळी परतताना कसारा घाटात रेंज जायची, इगतपुरी आली की घरी एक मिस्ड कॉल. म्हणजे भात टाक. दोन म्हणजे गाडी लेट. बायको अजून विचारते, एक की दोन?

मेनरोड_शॉपिंग
मला नाही पटत सगळ्यांचं हजेरीच. माझे बाबा आळशीपणाने लिहितात. बोटं दुखतात म्हणतात आणि क्रिकेटवर चार परिच्छेद लिहितात.

नानांची_मुलगी
😂😂 नाना सेम. मतं मराठीत, माया इंग्रजीत. मला "tc", सोसायटीच्या सेक्रेटरींना पाणीपट्टीवर दीड पान.

गोदाकाठची
आत्याला विचारलं आज. 143 सगळ्यांना पाठवते का म्हणून. म्हणाली, "तोंडाने म्हणायला लाज वाटते गं, आकड्याला काय लाज." तिने काकांना कधी पाठवलं का ते विचारलं तर फोन ठेवला.

द्राक्षबाग_निफाड
@सातपूरकर दादा, कामाचा प्रश्न. बागेत मजुरांकडे अजून साधे फोन आहेत, वडील त्यांना एसएमएसच करतात. मराठीत लांब लिहिलं की काहींना अर्धाच दिसतो. 70 च्या आत ठेवायचं का?

सातपूरकर
ठेवा. 70 ओलांडलं की तुकडे पडतात आणि ते जोडायला प्रत्येक तुकड्यात थोडी जागा जाते, मग 67 च उरतात. जुन्या फोनला जोडता आलं नाही किंवा एक तुकडा मागे राहिला तर अर्धंच दिसणार. वेळ आणि गट नंबर आधी लिहा, बाकी मागून. आणि ज्यांना चौकोन दिसतात त्यांना रोमनमध्ये.

द्राक्षबाग_निफाड
वडील म्हणतात "udya 7 gat 112 ya" एवढंच पाठवतो, वीस वर्षं झाली, कोणी चुकलं नाही. मीच लांबलचक लिहीत होतो बहुतेक. बरं, छाटणीला माणसं कमी पडतायत, निफाडकडे कोणाची ओळख आहे का?