मॅलेट घेतला म्हणजे नेम लागतो?

मूळ पोस्ट: गोल्फर शेफलरने मार्च 2024 मध्ये मॅलेट, म्हणजे चेंडू कपात ढकलायचा मोठ्या डोक्याचा पटर, हातात घेतला आणि बे हिल, प्लेयर्स, मास्टर्स या स्पर्धा जिंकल्या. आता तरी पातळ डोक्याच्या ब्लेडचा हट्ट सोडा. मॅलेटवरची रेघ लांब असते, नेम आपोआप लागतो.

येरवडेकर: "आपोआप" वाचून राहवलं नाही. दहा फुटांवरून पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, एक अंश वाकडा असला, तर चेंडू सव्वापाच सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे थेट कपाच्या काठावर. तो एक अंश रेघ पुसत नाही. मी मॅलेट घेऊन दोन वर्षं उजवीकडेच मारत होतो. एके दिवशी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि नाकाच्या मुळाशी धरला. नट चेंडूच्या दोन इंच अलीकडे, माझ्या पायांकडे लोंबत होता! पटर 35 इंची, मी बुटका. दांडा लांब म्हणून मी चेंडूपासून दूर उभा राहायचो, त्या कोनातून सरळ रेघ मला तिरकी दिसायची, आणि ती "सरळ" करायला मी फेस उघडायचो. 33 इंचांवर कापला, नट चेंडूवर आला.

ब्लेडवाला: शाबास! पण ज्याचा स्ट्रोक कमानीत जातो, त्याने मॅलेट घेऊच नये. मॅलेट फेस-बॅलन्स्ड असतो, टो, म्हणजे डोक्याचं टोक, वळत नाही.

येरवडेकर: सगळे नसतात. दांडा बोटावर आडवा तोलून बघा: फेस आभाळाकडे राहिला तर फेस-बॅलन्स्ड. दांडा डोक्याला जोडणारी मान आखूड आणि तिरकी असली, तर मॅलेटचा टो ब्लेडसारखाच खाली झुकतो. हे मान ठरवते, डोक्याचा आकार नव्हे.

ब्लेडवाला: बरं, मानेचं मान्य. पण ब्लेडची वरची कड नेमाच्या रेघेला काटकोनात असते, मी तीच लावतो. लांब रेघ पाहिली की माझे हात आखडतात. त्याचं काय?

काका_चेंबूर: माझी कंबर धरते म्हणून मी छातीपर्यंतचा लांब पटर वापरतो. परवा एकाने चारचौघांत "बेकायदा" म्हणून हिणवलं. 2016 पासून बंदी आहे ती पटर अंगाला टेकवून मारायला, लांबीला नाही! आता तोही कापू का?

मूळ पोस्टवाला: काका, विषय लांबीचा नव्हता.

काका_चेंबूर: मग कशाचा होता? वर सगळे लांबीवरच भांडताहेत.

येरवडेकर: काका, तुमचा कापू नका, तुम्ही ताठ उभे राहता. आणि इतरांनीही एकदम दोन इंच कापू नये. माझ्या पटरचं डोकं इतकं हलकं लागायला लागलं की लांबचे फटके अर्ध्यात थांबायचे. खाली शिशाची टेप लावली तेव्हा वेग परत आला.

मूळ पोस्टवाला: ओळंबा लावला. माझाही नट आतच पडतोय, इंचभर. पण मॅलेट मी सोडणार नाही.

ब्लेडवाला: सोडा म्हटलंय कुणी? आम्हाला ब्लेड फेकायला तुम्ही सांगत होतात.